साबुदाणा भिजवताना वाटीला नेमकं पाणी किती? (३ किलोच्या खिचडीचा हिशोब हवा आहे)

भुसावळची_सून
आषाढीला आमच्या मंडळात भजनानंतर ६० जणांचा फराळ आहे. खिचडी करायची, साबुदाणा ३ किलो आणलाय. घरी दोन वाट्या भिजवायच्या तर धुवायचा, दाण्यांच्या वर अर्धं पेर पाणी ठेवायचं, सकाळी मोकळा दाणा मिळतो. पण हेच माप मोठ्या पातेल्यात धरलं की खाली लगदा आणि वर कडक कण. माप तेच, साबुदाणा त्याच दुकानाचा, मग बिघडतं कुठे? आणि ३ किलो भिजून किती होईल, म्हणजे भांडी तशी मागवता येतील.

खान्देशी_भो
वाटीले वाटी पानी, बस! एवढं काय मोजतस ताई? आमच्याकडे सगळे असंच करतात.

तापीकाठची_काकू
भाऊ, वाटीला वाटी चालतं, पण कोणती वाटी ते बघा. साबुदाणा आपण शिगोशीग भरतो आणि पाणी काठोकाठ, म्हणजे साबुदाणा सव्वा वाटीच्या जवळ जातो. तुमच्या घरी जमतं ते त्यामुळेही असेल. सपाट वाटीला सपाट वाटी पाणी, तेही धुऊन निथळल्यावर, बहुतेक साबुदाण्याला जास्तच होतं.

आता सूनबाई, तुमचं. अर्धं पेर पाणी हे मापच नाही, ती नुसती उंची आहे. पाणी किती पडणार ते भांड्याच्या रुंदीवर ठरतं. दोन वाट्या साबुदाणा १२ सेंटिमीटर रुंदीच्या डब्यात घेतला आणि वर १ सेंटिमीटर पाणी ठेवलं, तर वरचं पाणी साधारण ११० मिली, म्हणजे अर्ध्या वाटीला थोडं वर. तोच साबुदाणा २० सेंटिमीटरच्या पातेल्यात घेतला तर त्याच १ सेंटिमीटरला ३१० मिलीच्या वर पाणी लागतं, दीड वाटीपेक्षा जास्त. बोट तेच, पाणी जवळपास तिप्पट. ज्यांचं बोटाच्या मापावर वर्षानुवर्षं जमतं त्यांचं भांडं ठरलेलं असतं. भांडं बदललं की माप गेलं.

मोठ्या पातेल्यात दुसरी अडचण थराची. साबुदाण्याचा थर चार-पाच बोटं जाड झाला की पाणी खाली साचतं. खालचे दाणे त्यात बुडून राहतात, वरच्यांना फक्त धुतानाचा ओलावा मिळतो. एकूण पाणी बरोबर असलं तरी वाटणी चुकते. तुमचा लगदा आणि कडक कण एकाच पातेल्यात दिसतात ते म्हणूनच.

भुसावळची_सून
काकू, मग वाटीला नक्की किती धरू? धुताना पण तो पाणी पितोच ना?

तापीकाठची_काकू
पितो, आणि तेच बहुतेकजण धरत नाहीत. २०० मिलीची सपाट वाटी घ्या. त्यात साबुदाणा साधारण १५० ग्रॅम बसतो. खिचडीसाठी मी हिशोब असा धरते की भिजून त्याचं वजन दुप्पट झालं पाहिजे, म्हणजे १५० ग्रॅमला एकूण १५० ग्रॅम पाणी. वाटीच्या भाषेत वाटीला पाऊण वाटी. पण दोनदा धुऊन चाळणीत दहा मिनिटं निथळला की तो ४० ते ५० मिली पाणी आधीच धरून बसलेला असतो. म्हणून वरून घालायचं ते अर्ध्या वाटीपेक्षा थोडंसंच जास्त, १०० ते ११० मिली.

निथळायचा कंटाळा केला, भांडं नुसतं तिरकं करून पाणी ओतलं, तर तळाशी आणखी पाव वाटी सहज राहते. मग वरून पाऊण वाटी घातलं की झालं सव्वा वाटी. तो साबुदाणा कढईत गेला की गोळा होणारच.

किती फुगतो तेही सांगते. एक वाटी कोरडा भिजून सैलसर भरला तर दोन वाट्या, कधी थोडा वर. पण दुप्पट होतो म्हणजे दाणा दिसायला दुप्पट मोठा होतो असं नाही. ३ मिलिमीटरचा दाणा भिजून पावणेचार मिलिमीटरच्या आसपास होतो, तेवढ्यानेच त्याचं आकारमान दुप्पट भरतं. सकाळी झाकण काढून "अजून फुगला नाही" म्हणत पाण्याचा हबका मारणारे पुष्कळ आहेत. दाण्याकडे डोळ्यांनी बघू नका. अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. सगळा दाणा लोण्यासारखा चपटा झाला, मध्ये खडा लागला नाही, की भिजला.

चोपड्याचा_पाटील
एवढी रात्रभर वाट बघण्यापेक्षा गरम पाणी घाला. अर्ध्या तासात भिजतो. गरम पाण्यात दाणा जास्त फुगतो हे तर सगळ्यांना माहीत आहे.

तापीकाठची_काकू
पाटील भाऊ, अर्धं बरोबर. कोमट पाणी, हाताला सोसेल एवढं, घातलं तर वेळ वाचतो, दीड-दोन तासांत काम होतं. उकळतं घातलं की वेगळंच होतं. साबुदाण्यात पिष्टच असतं, आणि ते साधारण ६५ ते ७० अंशांच्या पुढे शिजायला लागतं. बाहेरचा थर लगेच चिकट खळ होतो, दाणे एकमेकांना धरतात, आणि त्या चिकट थरातून पाणी आत जायला उलट वेळ लागतो. फुगलेला दिसतो खरा, पण बाहेरून. दाबून बघा, आत पांढरा टिंब राहिलेला असतो.

नंदुरबारकर_ताई
माझा प्रश्न पण याच धाग्यात विचारते. मी वाटीला पाऊण वाटी पाणी घालून भिजवला आणि चिकोड्या घातल्या तर त्या वाळल्यावर तडकल्या, तुकडे झाले. पाणी कमी पडलं का?

तापीकाठची_काकू
ताई, इथलं माप खिचडीचं आहे, चिकोड्यांचं नाही. चिकोड्यांना साबुदाणा रात्रभर भरपूर पाण्यात भिजवायचा आणि मग वाटीला एकूण पाच-सहा वाट्या पाण्यात, दाणा काचेसारखा होईपर्यंत शिजवायचा. तिथे दाण्यांनी एकमेकांना धरायलाच हवं, खिचडीत तेच नको. तुमचं मिश्रण घट्ट राहिलं आणि नीट शिजलं नाही, म्हणून वाळताना तडकलं. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोन्ही मापं मिसळली तर वाचणाऱ्याचा घोटाळा होईल.

दाणाबाजार_जळगाव
दुकानदार म्हणून एक गोष्ट घालतो. आपल्याकडे येणारा साबुदाणा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलम भागातला, टॅपिओका म्हणजे कसावाच्या कंदाच्या पिष्टाचा. तिथे ओलसर पिष्टाचे दाणे पाडून एक माल तापल्या तव्यावर भाजतात आणि दुसरा वाफेवर काढतात. भाजलेला तो दुधासारखा पांढरा, खिचडीचा. वाफेवरचा काचेसारखा, त्याला बाजारात नायलॉन म्हणतात.

नायलॉनचं पिष्ट आधीच बरंच शिजलेलं असतं, त्यामुळे त्याला खिचडीचं माप लावू नका. गिऱ्हाईक दिसायला छान म्हणून नायलॉन नेतं आणि मग सांगतं की दाणा भिजून चिवट झाला, खिचडी रबरासारखी झाली. तो खिरीला नाहीतर तळून चिवड्याला.

पांढऱ्यातही गोणी-गोणीत फरक असतो. जास्त भाजलेला किंवा दुकानात बरेच महिने पडून सुकलेला माल वाटीमागे दोन-तीन चमचे पाणी जास्त मागतो. ताई, तुमचे ३ किलो एकाच गोणीतले आहेत का बघा. दोन गोण्यांचा माल एकत्र भिजवला तर कितीही मोजा, काही दाणे कडक राहणारच.

खान्देशी_भो
म्हणजे दुकानदार सांगणार दोन गोण्यांचे दोन वेगळे साबुदाणे घ्या 😄

दाणाबाजार_जळगाव
नाही भो, एकाच गोणीतले घ्या म्हणतोय. त्यात माझं काय जास्त विकलं जाणार!

तापीकाठची_काकू
दादांचं बरोबर आहे. म्हणून नवीन पिशवी आणली की आदल्या दिवशी एक वाटी भिजवून बघायची. वाटीला अर्धी वाटी आणि एक चमचा एवढ्या पाण्यापासून सुरुवात करा, काही मालाला धुतल्यावरही पाऊण वाटी लागते. तो आकडा पिशवीवर पेनने लिहून ठेवा.

आता ३ किलोचा हिशोब. माणशी ५० ग्रॅम कोरडा धरला तर ६० जणांना ३ किलो बरोबर आहे. भिजून ६ किलो होईल. वाट्यांत सांगायचं तर २० वाट्या कोरडा, भिजून ४० वाट्या, म्हणजे ८ लिटरचं भांडं भरेल. त्यात १ किलो दाण्याचा कूट आणि दीड किलो बटाटा गेला की साधारण साडेआठ किलो खिचडी, माणशी १४० ग्रॅमच्या आसपास. सोबत भगर आणि दाण्याची आमटी असेल तर पुरून उरेल.

पाणी वाट्यांनी मोजू नका, वजनकाटा घ्या. मंडळात प्रसादाचा काटा असतोच.

आधी साबुदाणा दोन भागांत करा, दीड-दीड किलो. एकेक भाग परातीत घेऊन बोटं फिरवत दोनदा धुवा. चोळायचा नाही, चोळला की दाण्याची पूड सुटते. पहिलं पाणी दुधासारखं निघेल, दुसरं पातळ ताकासारखं. तेवढं पुरे. मग चाळणीत काढून दहा-पंधरा मिनिटं निथळत ठेवा आणि चाळणीसकट वजन करा, चाळणीचं वजन आधी करून ठेवलेलं असू द्या.

समजा दीड किलोचा भाग निथळून १ किलो ९२० ग्रॅम भरला. म्हणजे ४२० ग्रॅम पाणी त्याने घेतलं. आपल्याला हवाय ३ किलो. तर वरून घालायचं पाणी १ लिटर ८० मिली. दुसरा भाग कदाचित १ किलो ८८० भरेल, त्याला १ लिटर १२० मिली. तुम्ही कमी निथळलात तरी चूक आपोआप दुरुस्त होते, कारण काटा सगळंच पाणी धरतो. हीच या पद्धतीची गंमत आहे.

प्रत्येक भाग वेगळ्या रुंद परातीत पसरा. ४५ सेंटिमीटरच्या परातीत भिजलेला थर अडीच सेंटिमीटरच्या आसपास राहतो, त्यामुळे पाणी तळाला साचलं तरी वरच्या दाण्यापर्यंत पोचतं. पाणी सगळीकडे फिरवून घाला, झाका, आणि अर्ध्या तासाने एकदा हाताने खालवर करा. दुसऱ्या तासानंतर पाणी दिसेनासं होईल. तेव्हा दाबून बघितलंत तर मध्ये खडा लागेल आणि पाणी कमी पडलं असं वाटेल. तिथे घाई करू नका. बाहेरचं पाणी अजून गाभ्यापर्यंत जायचंय, त्याला आणखी तीन-चार तास लागतात. पाच-सहा तासांनंतरही खडा असेल तरच परातीमागे अर्धी वाटी पाणी शिंपडून, हलवून, झाकून तासभर ठेवा.

चोपड्याचा_पाटील
रात्री ९ ला भिजवला तर सकाळपर्यंत आंबणार नाही का? आपल्याकडे काय थंडी असते थोडीच.

तापीकाठची_काकू
आषाढात पाऊस झालेला असेल तर मापाच्या पाण्यातला रात्रभर टिकतो. आंबट वास येतो तो बहुधा उभं पाणी राहिलेल्या साबुदाण्याला. चैत्र-वैशाखातल्या एकादशीला मात्र, जळगाव-भुसावळला पारा ४३-४४ वर गेलेला असताना, बाहेर ठेवूच नका. दोन तासांनी पाणी जिरलं की घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये. झाकण सैल असेल तर वरचे दाणे सुकून पुन्हा कडक होतात. सकाळी करायच्या तासभर आधी बाहेर काढा आणि हाताने मोकळा करा.

६ किलो एका कढईत टाकू नका. दोन-दोन किलोचे तीन घाणे करा. भिजलेल्या साबुदाण्याला आधी कूट, मीठ, साखर हाताने लावून घ्या, कूट दाण्याभोवती बसतो आणि वरचा ओलावा धरतो. फोडणीत टाकल्यावर दाणा पांढऱ्याचा काचेसारखा झाला की बंद. जास्त वेळ परतलं की चिवट होतो. जाड थरात झाकून ठेवलं की आतली वाफ खालचे दाणे पुन्हा शिजवते, म्हणून गरम डब्यात दाबून भरू नका.

अमळनेरची_वहिनी
वड्याला पण हेच माप का? माझे वडे तेलात फुटतात, एकदा तर दाणा उडून हातावर आला.

तापीकाठची_काकू
वहिनी, दाणा उडतो तो बहुधा आतून कोरडा असतो. तेलात बाहेरचा थर घट्ट होतो, आतल्या ओलाव्याची वाफ अडकते आणि दाणा टणकन उडतो. म्हणून वड्याला वेळ खिचडीइतकाच द्या, पाणी मात्र वाटीमागे दोन चमचे कमी घाला, कारण बटाटा आणखी ओलावा आणतो. पाणी जास्त झालं तर वडा तेल पितो आणि मधून ओलसर राहतो. तळण्याआधी मिश्रणातले दहा-बारा दाणे ठिकठिकाणचे घेऊन दाबून बघा. एक जरी कडक लागला तर मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा.

अमळनेरची_वहिनी
बरं. आणि पाणी जास्त झालेल्याचं काय करायचं?

तापीकाठची_काकू
उभं पाणी असेल तर लगेच चाळणीत काढा. पाणी दिसत नाही पण दाणे हाताला चिकटतात, तर सुती कापडावर पातळ पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा, मग कूट थोडा जास्त घाला. दाणा बोटात धरताच पसरत असेल तर खिचडीचा नाद सोडा. त्यात उकडलेला बटाटा आणि राजगिऱ्याचं पीठ घालून थालीपीठं लावा.

दाणाबाजार_जळगाव
काकू, एक विचारू? काही गिऱ्हाईक म्हणतात बोअरच्या जड पाण्यात साबुदाणा भिजत नाही, नळाच्या पाण्यात भिजतो. खरं आहे का?

तापीकाठची_काकू
डाळ जड पाण्यात शिजत नाही हे आपण बघतो, पण डाळीचं कारण वेगळं, तिच्या सालीत आणि पेशींच्या भिंतीत आहे. साबुदाण्यात ते काहीच नाही, पिष्ट तेवढं. मला तरी दोन्ही पाण्यांत फरक दिसलेला नाही.

चोपड्याचा_पाटील
फरक पडतो. आमच्या मळ्यातल्या बोअरच्या पाण्याने खिचडी नेहमी चिकट होते, गावातल्या नळाच्या पाण्याने होत नाही.

तापीकाठची_काकू
मळ्यातलं भांडं आणि गावातलं भांडं एकच आहे का भाऊ? एकाच पिशवीतला साबुदाणा, दोन सारख्या डब्यांत, दोन्ही पाणी मोजून एकदा करून बघा. फरक निघाला तर इथे लिहा.

चोपड्याचा_पाटील
भांडी वेगळी आहेत. बघतो, पण मला अजून पाण्याचंच वाटतं.

खान्देशी_भो
काकू, वाटी सपाट करून बघितली. शिगेचा साबुदाणा खरंच पाव वाटी निघाला. आता पाणी पाऊण घालू की अर्धी?

तापीकाठची_काकू
दोनदा धुऊन चाळणीत निथळणार असाल तर अर्धी आणि वर एक चमचा. नुसतं भांडं तिरकं करणार असाल तर पाव वाटी, आणि दोन तासांनी बघून ठरवा.

भुसावळची_सून
काटा आणि दोन पराती सांगून ठेवल्या. पिशव्या बघितल्या, दोन एका बॅचच्या आहेत, तिसरीवर वेगळी तारीख आहे. तिसरी वेगळी भिजवते आणि आज रात्री तिन्हीतली एकेक वाटी लावून बघते.

तापीकाठची_काकू
तिसरीला वेगळी परात घ्या, आणि फोडणी टाकायच्या आधी तिचे दाणे स्वतंत्र दाबून बघा. कडक असेल तर तिचा घाणा शेवटी घ्या, तेवढा वेळ मिळतो.